बॉम्ब बनवले, मोडले आणि हिशेब दिला: अण्वस्त्र प्रसारबंदीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आज नऊ देशांकडे अण्वस्त्रे आहेत. स्वतःच्या कारखान्यात बॉम्ब बनवून ते स्वतःहून मोडून टाकणारा देश मात्र आजवर एकच झाला, तो म्हणजे दक्षिण आफ्रिका. देश अण्वस्त्रांच्या मागे का लागतात, का सोडतात आणि सोडल्याची खात्री जगाला कशी पटते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतात. म्हणून पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

अण्वस्त्र प्रसारबंदी करारात नेमका काय सौदा आहे?

हा करार, म्हणजे एनपीटी, १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० पासून लागू झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला होता ते पाच देश 'अण्वस्त्रधारी' ठरले: अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन. बाकी सर्वांनी बॉम्ब बनवायचा नाही आणि आपले सगळे आण्विक साहित्य आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) तपासणीखाली ठेवायचे. त्या बदल्यात शांततेसाठी अणुऊर्जा वापरण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला आणि पाच देशांनी निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटी करण्याचे वचन दिले. या शेवटच्या वचनाचे पालन फार तोकडे झाले आहे. कराराविषयीची सर्वांत जुनी आणि रास्त तक्रार तीच आहे.

बाहेर पडण्याची वाटही करारातच आहे. दहाव्या कलमानुसार तीन महिन्यांची नोटीस आणि 'असाधारण घटनां'चे कारण दिले की देश मोकळा होतो. ही वाट आजवर फक्त उत्तर कोरियाने वापरली.

दक्षिण आफ्रिकेला बॉम्ब हवा कशाला होता?

सुरुवात शस्त्र म्हणून झाली नव्हती. देशात युरेनियम मुबलक होते. प्रिटोरियाजवळ पेलिंडाबा येथे अमेरिकेने दिलेली 'सफारी-१' ही संशोधन अणुभट्टी १९६५ मध्ये सुरू झाली. १९७० मध्ये पंतप्रधान फोर्स्टर यांनी जाहीर केले की देशाने युरेनियम समृद्ध करण्याची स्वतःची पद्धत शोधली आहे. खाणकामासाठी 'शांततामय अणुस्फोटां'चा विचारही तेव्हा चालू होता, आणि त्या काळात तो मोठ्या देशांतही गंभीरपणे होत असे.

चित्र पालटले ते १९७४ नंतर. पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली, १९७५ मध्ये अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाले, आणि अंगोलात क्युबाचे सैन्य उतरले. वर्णभेदी राजवटीला एकही भरवशाचा मित्र उरला नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी सक्तीची केली. शत्रू उंबरठ्यावर आणि मदतीला कोणी नाही, अशा अवस्थेत सापडलेला देश अण्वस्त्राकडे वळतो. पाकिस्तान, इस्रायल आणि उत्तर कोरिया यांच्या बाबतीतही हे कारण ठळक दिसते.

हे बॉम्ब मुख्यतः युद्धात टाकण्यासाठी नव्हते. तीन टप्प्यांचे धोरण ठरले होते. पहिल्या टप्प्यात काहीही मान्य करायचे नाही आणि नाकारायचेही नाही. देशावर मोठा हल्ला होऊ लागला तर दुसऱ्या टप्प्यात अमेरिकेसारख्या देशांना गुपचूप सांगायचे. तरीही मदत आली नाही तर तिसऱ्या टप्प्यात उघड घोषणा किंवा भूमिगत चाचणी करायची. म्हणजे बॉम्बचा खरा रोख पाश्चिमात्य देशांना मध्ये पडायला भाग पाडण्यावर होता.

किती बॉम्ब होते आणि ते कुठे बनले?

सहा पूर्ण झाले होते, सातवा अर्धवट होता. साहित्य येत होते पेलिंडाबाशेजारच्या व्हॅलिंडाबा येथील 'वाय-प्लांट' या लहान समृद्धीकरण कारखान्यातून. हा १९७७ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असते. शस्त्रासाठी ते साधारण ९० टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. कारखाना सतत रखडत होता. ऑगस्ट १९७९ मध्ये यंत्रणेतला वायू बिघडून उत्पादन ठप्प झाले आणि उच्च समृद्ध युरेनियम पुन्हा मिळायला १९८१ उजाडले. ही रखड पुढे निरीक्षकांच्या कामात महत्त्वाची ठरली.

बॉम्ब जोडण्याचे काम 'आर्मस्कोर' या सरकारी शस्त्रनिर्मिती कंपनीकडे होते. कालाहारी वाळवंटात व्हास्ट्रॅप येथे चाचणीसाठी दोन खोल विवरे खोदली होती. १९७७ मध्ये सोव्हिएत उपग्रहांनी ती टिपली, मॉस्कोने वॉशिंग्टनला कळवले, दोन्ही महासत्तांनी दबाव आणला आणि काम थांबवावे लागले.

त्या काळात प्रसारबंदीची यंत्रणा काय करत होती?

दक्षिण आफ्रिका करारात नव्हती, त्यामुळे वाय-प्लांटमध्ये निरीक्षक पाठवण्याचा कोणालाही अधिकार नव्हता. हातात होता तो पुरवठा. अमेरिकेने सफारी-१ चे इंधन रोखले. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला: ज्या देशाचे सगळे अणुप्रकल्प तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. याच कायद्याचा फटका आपल्या तारापूरलाही बसला. तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ पासून अमेरिकी इंधनावर चालत होत्या आणि स्वतः तपासणीखाली होत्या. पण भारताचे इतर प्रकल्प तसे नव्हते, म्हणून इंधन अडले आणि अखेर फ्रान्सकडून घ्यावे लागले.

पुरवठा अडवल्याने दोन्हीकडे कार्यक्रम थांबला नाही. तो महाग झाला, लांबला आणि देश स्वतःच्या पायावर उभा राहायला शिकला. निर्बंधांविषयी बोलताना हा अनुभव विसरू नये. निर्बंध वेळ मिळवून देतात. हेतू बदलायचा तर दुसरे काहीतरी घडावे लागते.

मग त्यांनी बॉम्ब सोडले का?

कारण बॉम्ब ज्या भीतीपोटी बनवले ती भीतीच ओसरली. डिसेंबर १९८८ मध्ये न्यू यॉर्क येथे अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात करार झाला. क्युबाचे सैन्य माघारी जाणार आणि नामिबिया स्वतंत्र होणार हे ठरले. वर्षभरात बर्लिनची भिंत पडली. सोव्हिएत धोका हे समर्थन संपले. सप्टेंबर १९८९ मध्ये एफ. डब्ल्यू. डी क्लर्क अध्यक्ष झाले, तेव्हा बॉम्ब म्हणजे जगात परतण्याच्या वाटेवरचा अडसर होऊन बसला होता.

दुसरे कारण देशातल्या राजकारणात आहे. वर्णभेद संपवण्याचा निर्णय त्याच सरकारने त्याच महिन्यांत घेतला. सत्ता कृष्णवर्णीय बहुमताच्या हाती जाण्यापूर्वी बॉम्ब मोडायचे होते, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. डी क्लर्क यांनी कारण म्हणून बदललेली सुरक्षास्थिती सांगितली. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. धोका कमी झाला नसता तर लष्कराने हा निर्णय इतक्या सहज पचवला नसता, आणि सत्तांतर समोर नसते तर इतकी घाई दिसली नसती.

यावरून एक ठोकताळा निघतो. सरकारला एखादे शस्त्र सोडायला लावायचे असेल तर नुसती शिक्षा पुरत नाही. शस्त्राची गरज संपलेली असावी लागते आणि सोडल्यावर मिळणारे काहीतरी समोर दिसावे लागते. दक्षिण आफ्रिकेत १९८९-९० मध्ये या दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

बॉम्ब मोडण्याचा क्रम काय होता?

नोव्हेंबर १९८९ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. १ फेब्रुवारी १९९० रोजी वाय-प्लांट बंद झाला, म्हणजे नव्या साहित्याचा झरा आधी आटवला. त्याच महिन्यात अध्यक्षांची लेखी आज्ञा निघाली: सहाही बॉम्ब मोडायचे, युरेनियम वितळवून अणुऊर्जा महामंडळाकडे परत द्यायचे, आर्मस्कोरची जागा किरणोत्सर्गी अंशांपासून स्वच्छ करायची आणि करारात सामील व्हायचे. कामावर नजर ठेवायला प्रा. मूटन यांची स्वतंत्र लेखापरीक्षक म्हणून नेमणूक झाली. ते थेट अध्यक्षांना अहवाल देत.

प्रत्यक्ष मोडणी जुलै १९९० मध्ये सुरू झाली आणि १९९१ मध्ये संपली. १० जुलै १९९१ रोजी देश करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्ये तपासणीच्या करारावर सही झाली. ठळक चूक एकच झाली, आणि ती पुढे जाचली: रचनेची रेखाटने आणि तांत्रिक कागदपत्रे हजारोंच्या संख्येने नष्ट केली गेली. माहिती बाहेर फुटू नये हा हेतू योग्य होता, पण त्यातली काही कागदपत्रे 'आम्ही एवढेच बनवले' हे सिद्ध करण्याचा पुरावाही होती.

करारात सामील होताना त्यांनी बॉम्बबद्दल सांगितले नाही. ही फसवणूक नव्हती का?

कायद्याने नाही. करारातला देश आपल्याकडे सामील होण्याच्या वेळी किती आण्विक साहित्य आहे तेवढे जाहीर करतो. ते पूर्वी कोणत्या रूपात होते हे सांगणे बंधनकारक नाही. तोवर युरेनियम बॉम्बमधून निघून भांडारात आले होते आणि यादीत ते होते. डी क्लर्क यांनी संसदेत सगळे उघड केले ते २४ मार्च १९९३ रोजी. मधली दीड वर्षे निरीक्षक कारखान्याचा हिशेब तपासत होते आणि जगात संशय वाढत होता. घोषणेचे एक कारण हा संशयच होता.

निरीक्षकांनी सहाच बॉम्ब होते हे कसे पडताळले?

बॉम्ब मोजून नाही, कारण ते आता नव्हतेच. त्यांनी युरेनियम-२३५ चा ताळेबंद मांडला. समृद्धीकरण कारखान्यात जितके युरेनियम-२३५ आत जाते तितकेच कुठेतरी सापडले पाहिजे: समृद्ध मालात, कमी समृद्ध मालात, टाकाऊ युरेनियममध्ये किंवा यंत्रांच्या आत चिकटून. जाहीर केलेल्या मालापेक्षा जास्त माल बनला असेल तर टाकाऊ साठ्यात तेवढे युरेनियम-२३५ कमी भरले पाहिजे.

मोजमापाला परिमाण आहे. २५ किलो युरेनियम-२३५ असलेले उच्च समृद्ध युरेनियम म्हणजे एक 'लक्षणीय परिमाण', अशी आयएईएची व्याख्या आहे. प्लुटोनियम हे अणुभट्टीत तयार होणारे बॉम्बचे दुसरे साहित्य; त्यासाठी हा आकडा ८ किलो. एवढे साहित्य गायब असेल तर एक बॉम्ब बनला नसेल असे म्हणता येत नाही. आता अडचण पाहा. वाय-प्लांट जुना, सतत बिघडणारा आणि तपासणीविना दीड दशक चाललेला कारखाना होता. अशा ठिकाणी मोजमापातली नेहमीची चूकच एका बॉम्बएवढी होऊ शकते.

तसेच झाले. पहिल्या ताळेबंदात तफावत निघाली: टाकाऊ साठ्यात अपेक्षेपेक्षा कमी युरेनियम-२३५ असल्याचे दिसत होते. याचे दोन अर्थ निघत होते. एक तर माल लपवला होता, नाहीतर जुनी मोजमापे सदोष होती. उलगडा करण्यासाठी निरीक्षकांना कारखान्याच्या दैनंदिन नोंदी मिळाल्या. कोणत्या दिवशी काय चालू होते, कधी बंद पडले, किती वीज खाल्ली, हे सगळे त्यात होते. १९७९ ते ८१ मधली रखड या नोंदींत जशीच्या तशी दिसत होती. टाकाऊ युरेनियमचे नमुनेही नव्याने तपासले गेले.

तंत्राइतकीच महत्त्वाची ठरली वागणूक. सरकारने निरीक्षकांना कुठेही, केव्हाही जाण्याची मुभा दिली आणि जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलू दिले. मार्च १९९३ नंतर पथकात शस्त्रतज्ज्ञ आले. त्यांनी आर्मस्कोरच्या इमारती, उरलेले बिगर-आण्विक भाग आणि मोडणीच्या नोंदी पाहिल्या. व्हास्ट्रॅपची विवरे निरीक्षकांसमोर काँक्रीटने बुजवली गेली. त्याच वर्षी आयएईएने निष्कर्ष दिला की कारखान्यात बनू शकणारे उच्च समृद्ध युरेनियम जाहीर केलेल्या आकड्याशी सुसंगत आहे.

त्या निष्कर्षाची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. 'सिद्ध झाले' असे तो म्हणत नाही. भूतकाळाचा हिशेब ग्रॅमपर्यंत कधीच जुळत नाही. आकडे, नोंदी, माणसे आणि जागा एकमेकांना दुजोरा देतात का, एवढेच पाहता येते.

मग उत्तर कोरियात हेच का फसले?

जवळपास त्याच महिन्यांत हीच परीक्षा तिथेही झाली. उत्तर कोरिया १९८५ मध्ये करारात आला, पण तपासणी सुरू झाली १९९२ मध्ये. योंगब्योन येथील अणुकेंद्रात १९९० मध्ये एकदाच सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे केले, असे त्यांनी कळवले. निरीक्षकांनी नमुने घेतले आणि इथे निसर्गानेच साक्ष दिली. प्लुटोनियम-२४१ साधारण १४ वर्षांत निम्मे होते आणि त्याचे अमेरिशियम-२४१ बनते. प्लुटोनियम शुद्ध करताना अमेरिशियम निघून जाते आणि ते पुन्हा साचू लागते. किती साचले यावरून शुद्धीकरण केव्हा झाले ते कळते. नमुन्यांत एकाऐवजी तीन वेगवेगळ्या वर्षांचे काम दिसले.

उपग्रह छायाचित्रांत दोन संशयित कचरा साठवणीच्या जागा दिसत होत्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये आयएईएने तिथे 'विशेष तपासणी' मागितली. प्रिटोरियाने तफावत निघाल्यावर नोंदवह्या उघडल्या. प्योंगयांगने १२ मार्च १९९३ रोजी करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली, म्हणजे डी क्लर्क यांच्या भाषणाच्या बारा दिवस आधी. ती नोटीस तेव्हा स्थगित झाली, पण जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरिया बाहेर पडलाच आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्याने पहिली चाचणी केली.

तपासणीचे तंत्र दोन्हीकडे चालले. योंगब्योनमध्ये तर खोटे पकडले गेले. फरक होता तो राजवटीच्या परिस्थितीत. सोव्हिएत सत्ता ओसरल्याने दक्षिण आफ्रिकेची भीती गेली, तर उत्तर कोरियाचा आधार गेला.

युक्रेन आणि लिबियाने सोडले आणि पस्तावले, हे खरे ना?

युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रे होती, पण ती सोव्हिएत वारसा होती आणि डागण्याचे नियंत्रण मॉस्कोकडे होते. ती स्वतःच्या ताब्यात आणून सांभाळणे म्हणजे नवा उद्योग उभारणे. १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात सीमांचा आदर करण्याची आश्वासने मिळाली, संरक्षणाची हमी नव्हे. २०१४ आणि २०२२ मध्ये रशियाने ती मोडली. लिबियाकडे बॉम्ब नव्हताच. डिसेंबर २००३ मध्ये सोडला तो अपुरा कार्यक्रम. २०११ मध्ये गद्दाफींची राजवट परकीय हवाई हल्ल्यांच्या साथीने उलथली.

उत्तर कोरिया लिबियाचे उदाहरण उघडपणे देतो, आणि ते उदाहरण खोडणे अवघड आहे. सोडणाऱ्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही तर पुढच्या देशाशी बोलताना हातात काय उरते, हा प्रसारबंदीपुढचा आजचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. नुसत्या तांत्रिक तपासणीतून त्याचे उत्तर निघत नाही.

भारत या चौकटीत कुठे बसतो?

बाहेर. भारताने करारावर सही केलेली नाही, त्यामुळे तो मोडलेलाही नाही. १९६४ मध्ये चीनने चाचणी केली आणि १९६७ ची तारीख भारताला कायमचे दुसऱ्या रांगेत बसवणारी होती. १९७४ च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम तुर्भे येथील 'सायरस' या अणुभट्टीतून आले. ती कॅनडाने दिली होती आणि तिच्यावर शांततामय वापराचे वचन होते, निरीक्षक नव्हते. 'वचन पुरेसे नाही' हा धडा घेऊन अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी आपला गट स्थापला. २००८ मध्ये त्याच गटाने भारताला सवलत दिली, तेव्हा नागरी प्रकल्प वेगळे काढून तपासणीखाली ठेवण्याची अट होती.

१९९३ नंतर नियमांत काय बदलले?

पूर्वी निरीक्षक प्रामुख्याने जाहीर केलेल्या जागाच पाहत. १९९१ च्या युद्धानंतर इराकमध्ये शेजारच्याच इमारतींत लपवलेला कार्यक्रम सापडला. त्यावरून १९९७ मध्ये 'अतिरिक्त प्रोटोकॉल' आला. तो स्वीकारणाऱ्या देशात निरीक्षक न जाहीर केलेल्या जागीही कमी सूचनेवर जाऊ शकतात आणि पृष्ठभाग पुसून घेतलेल्या कापडावरच्या सूक्ष्म कणांवरून तिथे काय हाताळले गेले ते ओळखू शकतात. तो स्वीकारणे मात्र ऐच्छिक आहे, आणि ज्या देशांबद्दल सर्वाधिक चिंता असते तेच तो टाळतात किंवा स्थगित करतात.

बॉम्बमधून निघालेले ते युरेनियम आता कुठे आहे?

पेलिंडाबात, तपासणीखाली. काही भाग सफारी-१ साठी आणि रुग्णालयांत निदानासाठी लागणारे मॉलिब्डेनम-९९ बनवण्यासाठी वापरला गेला. ती अणुभट्टी २००९ मध्ये कमी समृद्ध इंधनावर आणली गेली. उरलेला साठा अमेरिकेने अनेकदा मागितला. दक्षिण आफ्रिकेने तो दिला नाही, कारण शांततामय वापराचा हक्क करारानेच दिला आहे अशी तिची भूमिका आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये सशस्त्र टोळी कुंपण ओलांडून पेलिंडाबाच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचली आणि एका कर्मचाऱ्यावर गोळी झाडली गेली. साठ्यापर्यंत कोणी पोचले नाही. बॉम्ब मोडला तरी त्यातले युरेनियम संपत नाही, त्यामुळे त्या भांडाराची राखण आणि दरवर्षीची मोजणी अजून चालू आहे.